विहिरीवरचा पंप निवडताना उन्हाळ्याची रेषाही काढा

सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यानंतर विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची 20 मीटर आहे. 63 मिमी पाइपमधलं घर्षण, फिटिंग धरून, सेकंदाला 4 लिटर प्रवाहाला सुमारे 8 मीटर येतं. घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून लागणारी एकूण उंची H मीटरमध्ये आणि प्रवाह Q सेकंदाला लिटरमध्ये धरला, तर पाइपलाइनची रेषा अशी:

H = 20 + 0.5 Q²

आता पंपाच्या तक्त्यातला वक्र त्याच आलेखावर काढा. समजा 4 लिटरला 36 मीटर, 5 ला 32.5 आणि 6 ला 28 मीटर आहे. दोन्ही रेषा 5 लिटरला छेदतात. पंप तिथंच चालणार, नावपट्टीवर काहीही लिहिलेलं असो.

मे महिन्यात पाणी 8 मीटर खाली जातं. लाइनची रेषा तेवढीच वर सरकते आणि छेदबिंदू 4 लिटर, 36 मीटरवर येतो. पंपाची सर्वाधिक कार्यक्षमता या दोन बिंदूंच्या दरम्यान असलेलं मॉडेल घ्या. फक्त भरल्या विहिरीवरून निवड करणं मला चुकीचं वाटतं.

बसवल्यावर 200 लिटरचा ड्रम टाकीच्याच उंचीवर भरून बघा. भरल्या विहिरीत 40 सेकंद, मेमध्ये 50 लागायला हवेत. पाण्याची पातळी तीच असून वेळ वाढला, तर पंपाजवळचा प्रेशर गेज पाहा. दाब वाढलेला असेल तर लाइन तुंबली आहे. दाबही उतरला असेल तर इंपेलर झिजलेला किंवा व्होल्टेज कमी असण्याची शक्यता आहे.