जुन्या छायाचित्राचे लिथोफेन : छपाईआधीची तयारी

आजी-आजोबांच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचे 100 मिमी रुंद आणि 150 मिमी उंच लिथोफेन, म्हणजे मागे दिवा लावल्यावर जाड-पातळ भागांमुळे चित्र दिसणारी पाटी, करायचे असे गृहीत धरून ही तयारी मांडली आहे. साधन म्हणजे 0.4 मिमी नोझलचा साधा थ्रीडी प्रिंटर आणि पांढरे पीएलए फिलामेंट, म्हणजे रिळावर गुंडाळलेली प्लास्टिकची तार.

छायाचित्राला हात लावण्यापूर्वी जाडीची पट्टी छापून घ्यावी. 0.6 मिमीपासून 3.4 मिमीपर्यंत प्रत्येकी 0.4 मिमीने वाढणाऱ्या आठ पायऱ्यांची छोटी पट्टी पुरेशी होते. मात्र ती ज्या रिळावर अंतिम छपाई होणार त्याच रिळाची असावी, कारण दोन कंपन्यांचे पांढरे फिलामेंट दिसायला सारखे असले तरी प्रकाश सारखाच अडवते असे नाही. पट्टी वापरायच्या दिव्यासमोरच धरून पाहावी. ज्या पायरीपुढे अंधार वाढलेला दिसत नाही, ती आपली कमाल जाडी. माझ्याकडील रिळात 3.0 आणि 3.4 यांत फरक दिसला नाही, म्हणून मी 3.0 वर थांबलो. किमान जाडी 0.8 मिमी ठेवावी, म्हणजे 0.4 मिमीच्या दोन भिंती शेजारी शेजारी बसतात. त्याहून पातळ भाग कमकुवत होतो आणि त्यातून दिव्याचा ठिपका थेट दिसू लागतो.

याच पट्टीवरून छायाचित्र कसे तयार करायचे तेही कळते. जाडीचा प्रत्येक नवा थर उरलेल्या प्रकाशाचा काही हिस्सा अडवतो, त्यामुळे पातळ भागात थोड्या फरकानेही उजेड बराच बदलतो, तर जाड भागात तेवढाच फरक जवळपास दिसत नाही. साहजिकच आजोबांचा काळा कोट आणि आजीचे केस यांतील तपशील सर्वांत आधी नाहीसा होतो. म्हणून चित्र करड्या छटांत आणल्यावर गडद भाग थोडा उजळावा, मागची गर्दी पुसून एकसारखी फिकट करावी आणि स्कॅनमधील डाग व दाणेदारपणा काढावा, कारण प्रत्येक डागाचा छपाईत उंचवटा होतो. चित्र 2:3 प्रमाणात कापून 500 × 750 पिक्सेलचे केले तरी चालते, 0.4 मिमीच्या नोझलला याहून बारीक तपशील काढता येत नाही आणि मोठ्या चित्रामुळे फाइल मात्र विनाकारण जड होते. शेवटी, गडद भाग जाड होतो आहे ना, हे मॉडेल फिरवून तपासावे. हे उलटे झाले तर दिवा लावल्यावर छायाचित्राची निगेटिव्ह दिसते.

आता पाटी उभी छापायची की आडवी. आडव्या छपाईत जाडी थरांनी मोजली जाते. 0.8 ते 3.0 मिमी म्हणजे 2.2 मिमीचा फरक, आणि 0.2 मिमीच्या थराने त्याच्या केवळ 11 पायऱ्या होतात, त्यामुळे गालावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलये उमटतात. थर 0.1 मिमीचा केला तरी पायऱ्या 22 च होतात. उभ्या छपाईत मात्र जाडी नोझलच्या आडव्या हालचालीने ठरते, ती फार बारीक टप्प्यांनी बदलू शकते, आणि म्हणूनच चेहऱ्यासाठी उभीच छपाई करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ठळक अक्षरे किंवा बोधचिन्ह असेल तर आडवी छपाई लवकर होते आणि पुरेशीही ठरते.

उभ्या छपाईची किंमत वेळेत आणि स्थैर्यात मोजावी लागते. 0.12 मिमीच्या थराने 150 मिमी उंचीला 1250 थर लागतात आणि तळ जेमतेम 3 मिमी जाडीचा असतो. त्यामुळे भोवती 3 मिमी जाडीची चौकट द्यावी, तळाला 8 मिमीचा ब्रिम, म्हणजे बेडला चिकटून राहणारी पातळ कड, लावावा, आणि बेड पुढे-मागे सरकत असेल तर पाटी त्याच दिशेला लांबीने ठेवावी, म्हणजे बेडचे हिसके तिला वाकवत नाहीत. आत पोकळी राहिली तर ती उजेडात जाळीसारखी दिसते. म्हणून स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भिंतींची संख्या (क्युरात `Wall Line Count`) 10 करावी, वेग कमी ठेवावा, आणि पूर्ण पाटीआधी केवळ डोळ्यांभोवतीचा 30 मिमी उंचीचा पट्टा छापून पाहावा. पूर्ण झालेल्या पाटीवर फक्त वरच्या भागात आडव्या रेषा दिसल्या, तर पाटी डुलत होती असे समजावे. त्या तळापासून सारख्या असतील, तर दोष फिलामेंटच्या प्रवाहात किंवा उभ्या अक्षात शोधावा.

दंडगोल दिव्यात ही डुलण्याची अडचण बरीच कमी होते, कारण वक्र भिंत स्वतःच उभी राहते. 90 मिमी व्यासाचा परीघ सुमारे 283 मिमी भरतो, म्हणजे तीन छायाचित्रांना प्रत्येकी 94 मिमी रुंदी मिळते. प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तो जोड मात्र दोन छायाचित्रांच्या मधल्या पट्टीवर येईल असा ठेवावा. आत एलईडीच वापरावा, कारण पीएलए 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि तापणाऱ्या जुन्या बल्बने भिंत वाकते. एलईडीचा ठिपका समोरून दिसत असेल, तर त्यावर दुधी रंगाची टोपी बसवावी किंवा तो भिंतीपासून आणखी आत सरकवावा.