जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला येताय? बॅग भरण्याआधी हे वाचा

आपलं बुकिंग मिळालं, खोली राखून ठेवली आहे. आता तयारीचं बोलू. आमचं रिसॉर्ट महाबळेश्वर गावाच्या पुढे, तापोळ्याच्या रस्त्यावर उतारावर आहे. एप्रिल-मे महिन्यात येणाऱ्यांना आम्ही फक्त लोकेशन पाठवतो. पावसाळ्यात तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. घरात गाडी चालवणारा जो असेल त्याला तरी पूर्ण वाचायला द्या.

पहिली तयारी तारखेची. बुकिंगवर जी तारीख आहे ती आम्ही ‘ठरलेली’ समजत नाही, ‘पहिली पसंती’ समजतो. हवामान खात्याने सातारा घाटमाथ्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला, किंवा आपल्या वाटेवरचा घाट बंद झाला, तर तारीख पुढे ढकलायचे पैसे आम्ही घेत नाही. भरलेली रक्कम त्याच पावसाळ्यातल्या किंवा दिवाळीनंतरच्या तारखेला वळती होते. तेव्हा ‘पैसे बुडतील’ म्हणून कोणी घाटात गाडी घालू नये. ऑफिसची रजा टाकताना मात्र दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवा. रविवारी संध्याकाळी परत आणि सोमवारी सकाळी नऊला मीटिंग, किंवा त्याच रात्रीचं विमान, असा बेत जुलैत करू नका.

अलर्ट बघताना बहुतेकांची एक गफलत होते. लोक ‘सातारा’ असं शोधतात, शहरात रिमझिम आहे असं कळतं आणि निघतात. हवामान खातं सातारा जिल्ह्याचा आणि सातारा घाटमाथ्याचा इशारा वेगवेगळा देतं. आपल्याला घाटमाथ्याचा हवा. mausam.imd.gov.in वर तो रोज दुपारी नवा येतो. 24 तासांत 64.5 मिमीच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार, अशी त्यांची मोजणी आहे. महाबळेश्वरला जुलैत शंभर मिमीचा दिवस म्हणजे काही बातमी नव्हे, इथलं बाजारपेठेतलं दुकानही त्यासाठी बंद होत नाही. पण 22 जुलै 2021 च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत इथे जवळपास 600 मिमी पाऊस पडला. त्याच दिवशी डोंगराच्या खालच्या अंगाला, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. आकडे पाठ करायची गरज नाही. रंग बघा, आणि तो घाटमाथ्याचाच बघा.

समजा, ठाण्याहून एक कुटुंब शुक्रवार ते रविवार येणार आहे, बरोबर आजी आहेत. बुधवारी दुपारी घाटमाथ्याला गुरुवारसाठी रेड आणि शुक्रवारसाठी ऑरेंज दिसतो. त्यांनी बुधवारी संध्याकाळीच आम्हाला फोन करायचा. आम्ही शुक्रवार सोडून देतो, खोली शनिवार ते सोमवार करतो. शुक्रवारी दुपारच्या अंदाजात शनिवार यलोवर आला, तरी शनिवारी पहाटे ठाण्याहून निघून थेट वर यायची घाई नको. पाऊस थांबला की धोका संपला असं डोंगरात नसतं. दोन दिवस मुरलेलं पाणी माती जड करून ठेवतं आणि दरड कधीकधी उघडीप पडल्यावर येते. म्हणून शुक्रवारी सावकाश निघून वाईत मुक्काम करायचा, शनिवारी सकाळी आम्हाला विचारायचं आणि रस्ता चालू आहे असं कळलं की नऊच्या पुढे घाट चढायचा. वाईत एक रात्र गेली तर गेली. आजींना महागणपतीचं दर्शन होईल, ते वेगळंच.

दुसरी तयारी रस्त्याची. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांना मोबाईलचा नकाशा कधीकधी पनवेल, महाड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट असा रस्ता दाखवतो. अंतर कमी दिसतं. पावसाळ्यात तो घेऊ नका, आकाश स्वच्छ दिसलं तरी नको. आंबेनळी सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर कोरलेला आहे आणि अरबी समुद्रावरून येणारे ढग थेट त्याच कड्यावर आपटतात. 2021 मध्ये तो जागोजागी खचला होता, आणि प्रशासन पावसाळ्यात तो वेळोवेळी बंद करतं. नकाशाला हे नेहमी वेळेत कळतंच असं नाही. आपण पुण्यावरून या. सातारा महामार्गावर सुरूर फाट्याला वळा, मग वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर.

पसरणी घाटही वळणांचाच आहे. फरक पावसाचा आहे. ढग महाबळेश्वरच्या माथ्यावर रिते होत पुढे सरकतात. इथे वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा आणि वाईला त्याहूनही कमी. डोंगर तोच, पण पूर्वेची बाजू तुलनेने कोरडी राहते, म्हणून दरडीही कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर घाटाचा रस्ताही आहे, पण तो आधी विचारल्याशिवाय धरू नका. प्रतापगड आंबेनळीच्याच रस्त्यावर येतो, त्यामुळे ‘जाता जाता किल्ला बघू’ हा बेत पावसाळ्यापुरता वहीतून खोडा. इथे पोचल्यावर त्या दिवसाची परिस्थिती बघून आम्ही सांगू.

निघायची वेळ अशी धरा की दुपारी चारच्या आत महाबळेश्वर एसटी स्टँडला पोचाल. अंधारात धुकं आणि रस्त्यावर आलेली माती दोन्ही एकदमच समोर येतात. टाकी वाईत भरून घ्या. घाटात हेडलाइट लो बीमवर ठेवा, धुक्यात हाय बीम लावला की समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. आणि रस्त्याकडेला धबधबा दिसला म्हणून त्याखाली गाडी लावून फोटो काढू नका. जिथून पाणी येतं तिथूनच दगडही येतो.

दरडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चालवणाऱ्याला ती आधी ओळखता येते. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा आहे, सच्छिद्र, चाळणीसारखा. पाणी त्यातून आरामात खाली उतरतं आणि जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थराला अडतं. मग ते आडवं वाहत रस्त्यासाठी कापलेल्या कडेतून बाहेर पडतं. ती कड रोज ओली असतेच, त्यात विशेष काही नाही. बघायचं ते बदलाकडे. गटाराचं पाणी एरवी स्वच्छ असतं. ते अचानक लाल-गढूळ झालं, डांबरावर ताजे सुपारीएवढे खडे विखुरलेले दिसले, झाड किंवा विजेचा खांब रस्त्याकडे कलला, रस्त्याच्या दरीकडच्या कडेला समांतर नवी भेग पडली, किंवा वाहता ओहोळ भर पावसात एकदम आटला, तर वर काहीतरी हलतंय. आमचे जीपवाले मामा कापलेल्या कडेजवळ आले की गाणी बंद करतात आणि काच बोटभर खाली घेतात. खडे पडायचा आवाज आधी येतो, माती नंतर. पावसात काच उघडली म्हणून पाहुणे कुरकुरतात, मामांना त्याचं काही नाही.

पुढे दरड पडलेली दिसली तर तिच्यापासून लांब, कड नसलेल्या सपाट जागी किंवा मागच्या गावात परत जा. जेसीबी येईपर्यंत रांगेत कडेखाली उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण पहिल्या दरडीमागून दुसरी येऊ शकते. ‘दुचाकी जातेय, आपणही निघू’ असं म्हणून ढिगाऱ्यावरून गाडी काढू नका. 112 ला कळवा, मग आम्हाला.

महाबळेश्वरच्या पुढचा टप्पा आम्ही आपल्यावर सोडत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आपली गाडी गावातल्या पार्किंगमध्ये लावायची आणि आमच्या जीपने खाली यायचं. जीपमध्ये एका माणसामागे एकच मध्यम बॅग बसते, तेवढं लक्षात ठेवून भरा. चाकांच्या मोठ्या सुटकेसचा इथे काही उपयोग नाही. ती पायऱ्यांवरून खोलीपर्यंत कोणाला तरी डोक्यावरच न्यावी लागते.

तिसरी तयारी पायांची. दरवर्षी आमच्याकडे पाहुण्यांना होणाऱ्या दुखापतींत दरड नसते, पायऱ्या असतात. आमच्या वाटा जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभा खडबडीत म्हणून लोक निर्धास्त चालतात, पण झडी लागली की चार दिवसांत त्यावर शेवाळ धरतं. आम्ही ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढतो, ते पुन्हा येतं. गडद हिरवा आणि चकचकीत दिसेल तो चिरा सोडून फिक्या, कोरड्या दिसणाऱ्या भागावर पाय टाका. पाऊल लहान, गुडघे किंचित वाकलेले. उतरताना हात खिशात नको आणि मोबाईलही हातात नको. कठड्यावर भार टाकण्याआधी त्यालाही हात लावून बघा, शेवाळ तिथेही असतं.

पादत्राणांत खोल खाचांचा रबरी तळ हवा. घरी बूट उलटा करून बघा, टाचेखालच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर तो जॉगिंगला चालेल, इथे नाही. कातडी चपला, कोल्हापुरी, उंच टाचा घरीच ठेवा. मागे पट्टा असलेल्या प्लॅस्टिकच्या सँडल आणि एक बुटांची जोडी असं दोन्ही आणा, कारण भिजलेला बूट इथे दोन दिवसांत वाळत नाही. बुटात कोंबायला जुनी वर्तमानपत्रं आणलीत तर उत्तम. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोट आणा, तोही आखूड, पायात येणारा नको. ज्येष्ठांसाठी रबरी टोपणाची काठी आणा. खालच्या मजल्यावरची, पायऱ्या नसलेली एकच खोली आहे, ती हवी असेल तर आत्ताच सांगा.

बाकी किरकोळ. रोजची औषधं ठरलेल्या मुक्कामापेक्षा तीन दिवसांची जास्त. वीज गेली की नेटवर्कही जातं आणि यूपीआय बंद पडतं, म्हणून थोडी रोकड. पॉवर बँक, टॉर्च, लहान मुलांसाठी पत्ते किंवा कॅरमला जोडीदार. बोटिंग आणि लिंगमळ्याचा धबधबा पावसाच्या दिवसांत बंद असण्याचीच शक्यता जास्त, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे इथे रुसवे होत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री आठपर्यंत गाडीचा नंबर, माणसं किती आणि घरून निघायची वेळ व्हॉट्सॲपवर पाठवा. सुरूर फाट्याला पोचलात की फोन करा. आम्ही उचलला नाही तर नेटवर्क गेलंय असं समजून वाईत चहा घेत थांबा आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावा. आमच्याशी बोलणं झाल्याशिवाय घाट चढू नका.