वन-ऑन-वनमध्ये गोलकीपरनी या चुका टाळा

कोपरखैरणे, ऐरोली, नेरुळ, ठाण्यातला घोडबंदर रस्ता, कुठेही रविवारी सकाळी मॅच बघायला उभे राहा. थ्रू बॉल पडतो, डिफेंडर मागे राहतो, स्ट्रायकर एकटा सुटतो आणि बाहेरून सगळे एका सुरात ओरडतात, "निघ, निघ, बाहेर निघ!" कीपर निघतो. बॉल त्याच्या बाजूने आत जातो. मग तेच लोक म्हणतात, उशिरा निघाला. गेली कित्येक वर्षं मी कीपर पोरांना शिकवतोय आणि ठामपणे सांगतो, उशिरा निघाल्यामुळे बसणारे गोल कमी असतात. जास्त गोल बसतात ते कीपर वेळेवर थांबला नाही म्हणून.

हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: शॉट मारला जातो त्या क्षणी कीपर धावत असणं.

धावताना एक पाय हवेत असतो आणि सगळं वजन दुसऱ्या पायावर. वजन ज्या पायावर आहे त्याच्या शेजारून बॉल गेला तर तो पाय उचलताच येत नाही. मी स्वतः खेळत होतो तेव्हाची एक मॅच अजून डोळ्यांसमोर आहे. ऐरोलीकडचं मैदान, ऑगस्ट महिना, गोलसमोरचं गवत कधीच गेलेलं, नुसता चिखल. त्यांचा नऊ नंबर सुटला आणि मी सहा यार्डांच्या रेषेवरून जोरात निघालो. अंतर छान कमी झालं, अँगल जवळजवळ बंद केला. त्याने वर बघितलं आणि जोर न लावता, पायाच्या आतल्या बाजूने बॉल माझ्या उजव्या पायाजवळून ढकलला. बॉल वीतभर अंतरावरून गेला, चिखलातून इतका हळू की त्याच्यावरची शिलाई दिसत होती. माझं सगळं वजन त्या क्षणी उजव्या पायावर होतं. मी बघत राहिलो. जागेवर उभा असतो तर नुसता पाय आडवा केला असता तरी बॉल अडला असता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि पोरांनाही तोच देतो. स्ट्रायकरचा पाय मागे गेला की तुझे दोन्ही पाय जमिनीवर. अजून दोन मीटर पुढे जाता आलं असतं, तरीही. उभा कीपर दोन मीटर मागे असला तरी चालतो, पळता कीपर दोन मीटर पुढे असून उपयोगाचा नाही.

मग पुढे यायचं कधी? बॉल त्याच्या पायापासून सुटलेला असतो तेव्हा. पूर्ण वेगात धावणारा स्ट्रायकर बॉल तीन-चार मीटर पुढे ढकलतो आणि त्याची मान खाली असते. त्या मधल्या वेळात त्याला शॉट मारता येत नाही, म्हणजे तो वेळ तुमचा. लांब पावलं टाकून जमेल तेवढी जागा घ्या. तो बॉलपर्यंत पोचतोय असं दिसलं की पावलं बारीक करा आणि थांबा. त्याने पुन्हा मोठा टच घेतला तर पुन्हा निघा. एकदाच सुसाट धावायचं असं हे काम नाही. निघणं, थांबणं, निघणं, थांबणं असं ते चालतं. आणि एखादा टच इतका लांब गेला की तुम्ही त्याच्या आधी बॉलवर पोचताय, तर मग मात्र थांबू नका, जाऊन उचला. पावसाळ्यात इथे एक भान ठेवा. पाणी साचलेल्या मैदानावर बॉल डबक्यात अडकतो, तो आपल्यापर्यंत येईल हा हिशोब चुकतो. मॅचआधी बॉक्समध्ये चार बॉल लोटून कुठे थांबतात ते मी नेहमी बघून ठेवतो.

आता अँगल. हा शब्द सगळे वापरतात, पण पोरांना तो डोळ्यांनी दिसलेला नसतो. म्हणून मी सुतळी वापरतो. एक सुतळी एका पोस्टला, दुसरी दुसऱ्या पोस्टला, आणि दोन्हींची टोकं बॉलच्या जागी एका खुंटीला. बॉल गोलच्या बरोबर समोर, बॉक्सच्या रेषेच्या जरा आत, १६ मीटरवर आहे असं धरू. गोल ७.३२ मीटर रुंद. कीपर गोललाइनवर असला तर त्याला हे सगळं सांभाळायचंय. चार मीटर पुढे आला तर दोन सुतळ्यांमधलं अंतर साधारण साडेपाच मीटर उरतं. आठ मीटर पुढे आला, म्हणजे अर्ध्यात, की बरोबर अर्धं, ३.६६. बारा मीटर पुढे आला की १.८३. हात आडवे पसरले तर मोठा माणूस साधारण एवढाच भरतो.

हे ऐकलं की पोरं लगेच म्हणतात, "मग सर, शेवटपर्यंत पुढेच जायचं ना?" नाही. कारण वेळ. बऱ्यापैकी जोरात मारलेला बॉल सेकंदाला २० मीटर जातो असं धरलं तर आठ मीटरवरून तुमच्यापर्यंत यायला ०.४ सेकंद लागतात आणि चार मीटरवरून ०.२. एवढा वेळ डोळ्यांनी बघून हात हलवायला सुरुवात करेपर्यंतच संपतो. म्हणजे लांब असाल तर बॉल बघून झेप घेता येते. अगदी जवळ, एक-दोन मीटरवर असाल, तर अंगच भिंत होतं, बघायची गरज उरत नाही. मधल्या पट्ट्यात, चार-पाच मीटरवर, धड बघून अडवता येत नाही आणि धड अंगाने झाकताही येत नाही. तिथे धावत्या अवस्थेत सापडलात तर बॉल तुमच्या पुण्याईनेच अडेल. एकतर त्या पट्ट्याच्या आधी थांबा, नाहीतर तो ओलांडून बॉलवर पोचता येईल एवढा मोठा टच मिळेपर्यंत वाट बघा.

बॉल बाजूला असला तर दोन्ही सुतळ्यांच्या बरोबर मध्ये उभे राहा. नुसतं गोलच्या मध्यासमोर उभं राहून भागत नाही. मधली जागा जवळच्या पोस्टकडे थोडी सरकलेली असते.

दुसरी चूक, जी बघून मला खरोखर त्रास होतो: आधीच खाली बसणं.

ही आपल्याकडे टर्फवरून आली. नवी मुंबईत आणि ठाण्यात आता फ्लायओव्हरखाली, गच्चीवर, जागा मिळेल तिथे टर्फ आहे. तिथले गोल लहान, फुटसालच्या मापाचे, साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. शॉट कायम जवळून येतो. तिथे एक गुडघा टेकून दुसरा पाय बाजूला ताणला की निम्मा गोल बंद होतो आणि पोराची समजूत होते की वन-ऑन-वन म्हणजे हेच. वर मोबाइलवर बघितलेल्या दहा सेकंदांच्या क्लिपा. त्यात कीपर कसा बसला ते दिसतं, बसायच्या आधी पाच पावलं काय केलं ते कापलेलं असतं. मग ही पोरं महागडे ग्लोव्ह्ज घालून मोठ्या गोलमध्ये येतात आणि सहा-सात मीटरवरूनच गुडघा टेकतात.

असा एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. हात चांगले, हिंमत भरपूर. खारघरला एका मॅचमध्ये पहिल्या हाफमध्येच त्याला तीन वेळा वन-ऑन-वन आलं. तिन्ही वेळा स्ट्रायकरने पाय उगारायच्या आधीच तो खाली होता. पहिला गोल बाजूने. दुसरा त्याच्या खांद्यावरून, अलगद उचललेला. तिसऱ्या वेळी समोरच्या पोराने नुसतं थांबून, हा बसला हे बघून, बॉल उजवीकडे ओढला आणि रिकाम्या गोलमध्ये चालत नेला. हाफटाइमला तो मला म्हणाला, "सर, मी अँगल बंद केला होता." खरंच केला होता. पण बसल्यावर त्याला हलता येत नव्हतं आणि ते स्ट्रायकरला दिसत होतं. दुसऱ्या हाफसाठी मी एकच सांगितलं: बॉल पायाला लागल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत गुडघा जमिनीला लावायचा नाही. चौथा स्ट्रायकर आला, हा उभा राहिला, समोरचा गोंधळला, एक टच जास्त घेतला आणि मागून आमचा डिफेंडर पोचला. बॉल कॉर्नरला गेला. कीपरने हातही लावला नाही, तरी तो बचाव त्याचाच.

गुडघा टेकून पाय ताणायचा ब्लॉक वाईट नाही. फक्त तो बॉलपासून दीड-दोन मीटरवर करायचा, आणि टेकलेला गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ ठेवायचा, नाहीतर दोन पायांमधून बॉल जातो.

"मोठा हो" या सूचनेचाही असाच घोळ होतो. पोरं हात डोक्यावर नेतात. त्याच सुतळीच्या हिशोबात एक तिसरी सुतळी क्रॉसबारला बांधून बघा. बार २.४४ मीटरवर, बॉल १६ मीटरवर, कीपर बॉलपासून चार मीटरवर. त्याच्याजवळ ती सुतळी जमिनीपासून जेमतेम ६१ सेंटिमीटर उंच असते. बॉल हवेतून वाकून खाली येतो, म्हणून जोरदार शॉटसाठी थोडी सूट धरा, तरी तो कमरेच्या आसपासच जातो. त्याहून वरून गेला तर बारवरून जाईल. म्हणजे हात वर नेऊन तुम्ही आकाश सांभाळताय. हात बाजूला, तळवे समोर, मांड्यांच्या पातळीला ठेवा आणि छाती ताठ. उरतो तो चिप. चिप हळू असतो, त्याला बॉल मोकळा आणि डोकं वर लागतं. तुम्ही वेळेवर थांबला असाल तर त्यासाठी मागे जायला वेळ मिळतो.

२०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये १२३ व्या मिनिटाला एमिलियानो मार्टिनेझने कोलो मुआनीचा शॉट डाव्या पायाने अडवला, ते पुन्हा बघा. पाय सगळ्यांना आठवतो. तुम्ही त्याआधीचं बघा. तो एका बाजूला झोपला नाही, हात-पाय पसरून बॉलसमोर राहिला.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्ट्रायकरच्या डोळ्यांकडे आणि खांद्यांकडे बघू नका, तिथे फसवणूक होते, बॉलकडे बघा. डिफेंडर बाजूने पोचत असेल तर त्याला ओरडून एक बाजू द्या आणि दुसरी तुम्ही घ्या. तोंड फिरवू नका, जवळून लागेल, लागू दे. पाय पुढे करून घसरत जाऊ नका, हात पुढे करून जा. बॉक्सची रेषा कुठे आहे हे माहीत असू द्या. रेषा बॉक्समध्येच धरतात, पण बॉल तिच्या पलीकडे असताना हात लावून स्पष्ट गोल वाचवलात तर रेड कार्ड आहे. बॉक्सच्या आत बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना फाउल झाला तर २०१६ पासून पेनल्टी आणि यलो. ओढलं किंवा ढकललं तर मात्र रेडच.

सरावाला माझ्याकडे फक्कीने बॉलपासून दोन आणि सहा मीटरवर दोन रेषा मारलेल्या असतात. बॉल घेऊन येणाऱ्याला मी मोठा किंवा छोटा टच घ्यायला सांगतो, कीपरला सांगत नाही. शॉटच्या क्षणी कीपर त्या दोन रेषांच्या मध्ये धावताना दिसला की बॉल अडला तरी मी तो गोल धरतो.