जीवनसत्त्वांचा अर्धवट तक्ता कसा पूर्ण करावा

नाव आणि स्रोताचे रिकामे रकाने भरायला फार वेळ लागत नाही. क समोर संत्री किंवा पेरू, के समोर पालक. फक्त ब१२ समोर एकही वनस्पती लिहू नका. स्पिरुलिना लिहायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. तिच्यात ब१२ सारखे दिसणारे जे द्रव्य असते, त्यातले बहुतेक शरीराला वापरता येत नाही. तिथे अंडी, दूध, मासे किंवा यकृत लिहा.

खरी कसोटी ‘दैनंदिन गरज’ या रकान्याची. मीही बराच काळ इथेच अडखळत असे, कारण दोन पुस्तकांतले आकडे कधी जुळत नसत. दोन्ही बरोबर असतात, त्यांचे मानदंड मात्र वेगळे असतात. प्रौढ पुरुषासाठी क जीवनसत्त्व अमेरिकेत ९० मिलिग्रॅम, युरोपीय संघात ११०, ब्रिटनमध्ये ४० धरतात. म्हणून ‘मिळेल तो आकडा टाका’ हा सल्ला ऐकू नका. आधी भरलेल्या चौकटी वाचा आणि तक्ता कुठल्या मानदंडावर बेतला आहे ते शोधा.

एकाच आकड्यावर निष्कर्ष काढू नका. समजा, अ समोर ७०० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा अमेरिकी प्रौढ स्त्रीचाही आहे आणि ब्रिटिश प्रौढ पुरुषाचाही. मग क ची ओळ पाहा. तिथे ७५ मिलिग्रॅम असेल तर अमेरिकी स्त्री, ४० असेल तर ब्रिटिश पुरुष. आपल्या तक्त्यात ७५ आहे असे धरू. मग ब१२ ची रिकामी चौकट अमेरिकी मानदंडानेच भरायची : २.४ मायक्रोग्रॅम. युरोपचे ४ किंवा ब्रिटनचे १.५ इथे चालणार नाहीत. भरलेल्या ओळी दोन मानदंडांच्या निघाल्या, तर तक्ताच सरमिसळ आहे. अशा वेळी एक मानदंड निवडून सगळा रकाना नव्याने लिहा आणि तक्त्याखाली मानदंडाचे नाव व वयोगट नोंदवा.

आता ड. त्याची गरज बऱ्याचदा ६०० आंतरराष्ट्रीय एकक अशी छापलेली सापडते. रकाना मायक्रोग्रॅमचा असेल तर ६०० ला ४० ने भागा आणि १५ लिहा. हा ४० चा भाजक फक्त ड साठी आहे, अ साठी तो वापरू नका. अ चे गणित ते कोणत्या रूपात मिळते त्यावर बदलते. यकृतातले रेटिनॉल थेट मोजले जाते, पण गाजरातले बीटा-कॅरोटीन १२ मायक्रोग्रॅम खाल्ले तर ते अमेरिकी मानदंडात १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके धरतात.

शेवटी एककांवरून नजर फिरवा. अ, ड, के, फोलेट, बायोटिन आणि ब१२ मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, बाकीची मिलिग्रॅममध्ये. फोलेटसमोर ४०० मिलिग्रॅम दिसले, तर आकडा हजारपट फुगलेला आहे.