पाळीआधी हनुवटीवर येणारे फोड: माझा अनुभव

पाळीच्या आठ-दहा दिवस आधी माझ्या जबड्याच्या कडेला दुखरे, खोल फोड यायचे. टिपकागद लावला की तेलाचा डाग पडायचा. मी दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुवायचे, स्क्रबने घासायचे. त्वचा सोलायची, फोड तसेच.

तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्या. त्यांनी समजावलं: पाळीआधी इस्ट्रोजेन उतरतं, अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनचा प्रभाव त्या मानाने वाढतो, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. जबड्याकडच्या ग्रंथी या हार्मोनला जास्त दाद देतात, असं मानलं जातं. पण छिद्र बुजायला कित्येक आठवडे आधीच सुरुवात झालेली असते. म्हणून फोड दिसल्यावर त्यावर मलम थापणं ही माझी खरी चूक होती.

त्यांनी छिद्रं बुजू न देणारं ॲडापालीन ०.१ टक्के जेल दिलं: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, पूर्ण जबड्यावर पसरून. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून. आधी त्वचा सोलली, फोड थोडे वाढलेही. तिसऱ्या पाळीला दोनच आले. गरोदरपणात किंवा तसं ठरवत असाल तर हे जेल नको. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या अंडाशय आणि हार्मोनशी संबंधित विकाराची तपासणी आधी करून घ्या.