ओढणीच्या काठाला क्रोशाची लेस लावताना होणाऱ्या चुका

आपल्याकडे क्रोशाचे विणकाम बहुतेकींच्या हाताला लागते ते रुखवतातल्या रुमालांवर. मध्यातून सुरू होऊन गोल गोल वाढत जाणाऱ्या रुमालात एखादा टाका कमीजास्त झाला, तरी शेवटी खळ घालून आणि टाचण्या लावून तो ताणून वाळवता येतो, आणि चूक त्या ताणात दडून जाते. ओढणीच्या काठावर ही सोय नसते, कारण काठाची लांबी कापडाने आधीच ठरवलेली असते आणि लेस त्या लांबीपेक्षा अर्धा इंच जरी आखूड किंवा लांब झाली, तरी ते चुण्यांच्या किंवा लाटांच्या रूपात स्पष्ट दिसते. म्हणूनच उत्तम रुमाल विणणारीच्या हातूनही पहिली ओढणी बिघडते. बिघाड सहसा तिसऱ्या ओळीत डोळ्यांत भरतो, पण त्याचे मूळ जवळजवळ नेहमी पहिल्या ओळीत असते.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. मलमलची ओढणी, धुऊन वाळवल्यावर तिच्या पदराच्या टोकाची रुंदी 92 सेंटिमीटर, 20 नंबरचा सुती क्रोशा दोरा आणि 1.25 मिलिमीटरची पोलादी सुई. नमुना अगदी साधा आणि तीन ओळींचा आहे: पहिल्या ओळीत सगळे मुके खांब, दुसऱ्या ओळीत पाच खांबांचे पंखे आणि तिसऱ्या ओळीत पंख्याच्या माथ्यावर साखळीची छोटी टोके.

न मोजता केलेली पायाची ओळ

मलमलच्या काठात सुई थेट खुपसून विणायला सुरुवात करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. क्रोशाच्या सुईचे तोंड कापडाचे धागे तोडते, आणि शिवाय डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेली भोके कधीच समान अंतरावर येत नाहीत. त्याऐवजी काठ बारीक वळून घ्यावा आणि त्यावर साध्या सुईने, त्याच रंगाच्या दोऱ्याने काजाचे टाके 5 मिलिमीटर अंतरावर घालावेत. पेन्सिलीच्या फिकट खुणा करून घेतल्या तर हे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. त्यानंतर क्रोशाची सुई कापडात न जाता या टाक्यांच्या कमानींखालून जाते.

आता गणित पाहू. 92 सेंटिमीटरच्या काठावर 184 कमानी होतात आणि प्रत्येक कमानीत दोन मुके खांब घातले, तर 368 टाके होतात. आपल्या नमुन्याची आवृत्ती 6 टाक्यांची आहे आणि शेवटी तोल साधण्यासाठी एक टाका जास्त लागतो, म्हणजे एकूण संख्येतून 1 वजा केल्यावर उरलेल्या संख्येला 6 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. 6 गुणिले 61 म्हणजे 366, अधिक 1 म्हणजे 367. आपल्याकडे एक टाका जास्त आहे, तेव्हा काठाच्या मध्याजवळच्या एखाद्या कमानीत दोनाऐवजी एकच मुका खांब घालावा. असा एक टाका पूर्ण काठात कोणालाही सापडत नाही. हाच हिशेब पहिल्या ओळीत न करता दुसऱ्या ओळीच्या शेवटी करायला गेले, की शेवटचा पंखा कोपऱ्यावर अर्धाच बसतो आणि मग तो कसाबसा दाबून बसवण्याचा प्रयत्न होतो.

पहिली ओळ संपताच ओढणी टेबलावर सपाट पसरून काठ पुन्हा मोजावा. तो 92 चा 88 झाला असेल, तर कापड चुरगळून 4 सेंटिमीटर आत ओढले गेले आहे आणि पुढच्या दोन ओळींनी ते सुधारणार नाही. येथे कारण ओळखणे महत्त्वाचे आहे. कमानी ठरल्याप्रमाणे 5 मिलिमीटरवर असतील आणि प्रत्येकीत दोन खांब असतील, तर दोष हाताच्या ताणाचा आहे, आणि ओळ उसवून थोड्या सैल हाताने किंवा एक पायरी जाड सुईने पुन्हा विणावी लागेल. कमानीच 7 मिलिमीटरवर पडल्या असतील, तर मात्र सुई बदलून उपयोग नाही, कारण तेथे टाकेच कमी आहेत. याच्या उलट, कापड सपाट आहे पण लेसची बाहेरची कड नागमोडी होते आहे, असे दिसले तर टाके जास्त झालेले असतात. प्रत्येक कमानीत दोनाऐवजी तीन खांब घालणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते.

कुर्त्याच्या घेरावर लेस लावताना यात एक भर पडते. बाहेरच्या कोपऱ्यावर एकाच ठिकाणी तीन मुके खांब घालावे लागतात, नाहीतर कोपरा आत वळतो.

चित्रातली ओळ चुकीच्या बाजूने वाचणे

क्रोशाच्या नमुन्याचे चित्र लेखी कृतीपेक्षा भरवशाचे असते, आणि त्याचे एक व्यावहारिक कारण आहे. ज्या टाक्याला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात, आणि आपल्याकडे दोन्ही पद्धतींची पुस्तके व व्हिडिओ सर्रास वापरात असल्यामुळे नावावर विसंबून विणणारी व्यक्ती केव्हातरी फसतेच. चित्रातली चिन्हे मात्र दोन्हीकडे सारखीच असतात: लांबट गोल म्हणजे साखळी, अधिकची किंवा फुलीची खूण म्हणजे मुका खांब, उभ्या दांड्यावर आडवी टोपी आणि मध्ये एक तिरपी रेघ म्हणजे खांब, आणि भरीव ठिपका म्हणजे सरकता टाका. दांड्यावर जितक्या तिरप्या रेघा, तितके वेढे सुईवर आधी घ्यायचे.

चित्र खालून वर वाचायचे असते. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी सुलट बाजूची पहिली ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी आणि काम उलटून विणलेली दुसरी ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी. ओळीचा क्रमांक ज्या बाजूला छापलेला असतो, त्या बाजूने ती ओळ सुरू होते. डावखुऱ्यांनी चित्र आरशातले समजून वाचावे. प्रत्येक ओळीनंतर दोरा कापून पुन्हा उजव्या टोकापासून सुरुवात करण्याचीही पद्धत आहे, आणि तेव्हा सर्व ओळी एकाच दिशेने वाचल्या जातात. चित्राखाली हे लिहिलेले नसेल, तर क्रमांकांच्या जागा पाहून ते कळते. सगळे क्रमांक एकाच बाजूला असतील, तर दोरा कापावा लागणार.

दुसऱ्या ओळीत आपला पंखा चित्रात असा दिसतो की पाच दांड्यांची खालची टोके एका बिंदूत मिळालेली आहेत आणि वरची टोके फाकलेली आहेत. याचा अर्थ पाचही खांब एकाच टाक्यात घालायचे. वरची टोके मिळालेली आणि खालची सुटी असतील, तर अर्थ बरोबर उलटा होतो, कारण तेथे पाच टाक्यांवरचे खांब अर्धवट ठेवून एकत्र बंद करायचे असतात. ओळीचा क्रम असा: एक मुका खांब, दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांबांचा पंखा, पुन्हा दोन टाके सोडून तिसऱ्यात मुका खांब. अशा 61 आवृत्त्या झाल्या की शेवटचा मुका खांब बरोबर शेवटच्या टाक्यावर पडतो. तो पडत नसेल, तर कोठेतरी दोनाऐवजी एक किंवा तीन टाके सोडले गेले आहेत. यासाठी दर 10 पंख्यांनंतर मुक्या खांबात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा, म्हणजे पूर्ण ओळ न उसवता चुकीचा भाग सापडतो.

तिसऱ्या ओळीत खांबांच्या माथ्यावर प्रत्येकी एक मुका खांब येतो, मधल्या खांबावर तीन साखळ्यांचे टोक करून ते तेथेच बंद करायचे असते, आणि दोन पंख्यांमधल्या दरीत भरीव ठिपका असतो. या ठिपक्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते आणि तेथेही सवयीने मुका खांब घातला जातो. मग दरी वर उचलली जाते, पंखे वेगळे दिसत नाहीत आणि ताण बरोबर असूनही लेस बोथट वाटते.

बाजूची कड तिरपी होत असेल, तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या तपासाव्यात. खांबांच्या ओळीआधी उभ्या काढलेल्या तीन साखळ्या स्वतःच एक खांब मानल्या जातात, त्यामुळे परतीच्या ओळीत त्यांच्या माथ्यावरही टाका घालावा लागतो. मुक्या खांबाआधीची एक साखळी मात्र मोजायची नसते. या दोन नियमांची अदलाबदल झाली, की दर ओळीला एक टाका घटतो किंवा वाढतो.

ताण

सैल हात आणि घट्ट हात हा स्वभावाचा भाग आहे असे समजले जाते, पण माझ्या मते अर्धा दोष फास सुईवर कोठे बसतो याचा असतो. पोलादी सुई तोंडाजवळ निमुळती असते. फास त्या निमुळत्या भागावरच आवळला, तर तो सुईच्या खऱ्या जाडीपेक्षा लहान होतो, आणि पुढच्या ओळीत त्यात सुई शिरत नाही. प्रत्येक फास सुईच्या सरळ दांड्यापर्यंत सरकवून मगच पुढचा वेढा घ्यावा, म्हणजे फासांचे आकार आपोआप सारखे येतात. दोरा डाव्या हाताच्या करंगळीला एक वळसा देऊन तर्जनीवरून घ्यावा. गुंडा मांडीवर ठेवू नये, कारण तो अडकतो, झटका बसतो आणि तो झटका एका टाक्यात कायमचा राहतो; खोल वाडग्यात ठेवला तर तो मोकळा फिरतो.

काठाला हात लावण्यापूर्वी 25 साखळ्यांवर चार पंख्यांचा नमुना विणावा. आपल्या हिशेबाने एका पंख्याच्या वाट्याला सुमारे दीड सेंटिमीटर येतो, म्हणून हा तुकडा 6 सेंटिमीटर भरला पाहिजे. तो 6.6 भरला तर ओढणीवरही पंखे एकमेकांना ढकलून लाटा येतील, आणि त्यावर उपाय म्हणजे बारीक सुई, 5.4 भरला तर जाड सुई. काम सुरू झाल्यावर 10 पंख्यांची लांबी 15 सेंटिमीटर येते की नाही, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पाहावे. दमलेला किंवा घामट हात दोरा जास्त आवळतो, आणि सकाळच्या व रात्रीच्या विणीतला फरक काठावर पट्ट्यासारखा दिसतो. पंखा अर्धा ठेवून उठू नये.

धुतल्यानंतर दिसणारे दोष

विणताना सपाट असलेली लेस पहिल्या धुण्यानंतर लाटा मारू लागली, तर कापड आटले आहे. कापडाला चुण्या पडल्या, तर दोरा आटला आहे. दोन्हींवर नंतर इलाज नाही, म्हणून ओढणी आधीच धुवावी आणि गडद रंगाच्या दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का, ते पाहावे. दोऱ्याची टोके गाठ न मारता मुक्या खांबांच्या मागच्या बाजूने 3 सेंटिमीटर ओवून घ्यावीत, कारण गाठ इस्त्रीखाली उठून दिसते. इस्त्री करताना लेस टॉवेलवर पालथी ठेवावी, वर ओले फडके घालावे आणि इस्त्री ओढत न नेता उचलून उचलून टेकवावी. ओढत नेली, तर पंखे एका बाजूला कलतात.