बिघडलेल्या फ्रिजबद्दल दुकानाला हिंदीत पत्र: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

सातारा, सोलापूर, पुण्याकडून बदलीवर किंवा धंद्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आलेल्या कुटुंबांची पहिल्या आठवड्यातच एक गोड फसगत होते. गणपत गल्लीत भाजी मराठीत मिळते, रिक्षावाला मराठीत बोलतो, फ्रिज विकणारा मुलगासुद्धा "काकू, काही झालं तर मी आहे की" असे सांगतो, आणि मग पुढचे सगळे मराठीतच निभावेल असे वाटू लागते. विक्री मराठीत होते हे खरे. मात्र वस्तू बिघडली की प्रकरण त्या मुलाच्या हातून सुटते आणि कन्नडभाषक व्यवस्थापक, राजस्थानातून येऊन येथे स्थिरावलेला मालक किंवा हुबळीतील सेवा केंद्र यांच्यापर्यंत जाते. त्या सर्वांना सहज वाचता येईल आणि आपल्यालाही सही करण्यापूर्वी पूर्ण समजेल अशी लेखी भाषा बहुधा हिंदीच असते. इंग्रजी उत्तम येत असेल तर खुशाल इंग्रजीत लिहावे. शेजाऱ्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतलेल्या पत्रावर मात्र, ते स्वतःला वाचता येत नसेल तर, सही करू नये.

मी येथे फ्रिजचेच उदाहरण घेतो, कारण आमच्या टिळकवाडीतील ओळखीच्या घरांमध्ये सर्वाधिक पत्रे त्याच्यासाठी लिहावी लागली आहेत. वर फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, खालच्या कप्प्यात मात्र सकाळचे दूध संध्याकाळी नासते, हा दोन दारांच्या फ्रिजमधला नेहमीचा बिघाड आहे. या फ्रिजमध्ये गारवा तयार करणारी नळ्यांची जाळी फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असते आणि तेथील थंड हवा एक छोटा पंखा खाली ढकलतो. जाळीवर जमणारा बर्फ ठरावीक वेळाने वितळवण्यासाठी आत एक हीटर असतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर निकामी झाला, की बर्फ साचत जातो, हवेची वाट बंद होते आणि खालचा कप्पा उबदार होतो. तंत्रज्ञ येतो, फ्रिज दिवसभर बंद ठेवायला सांगतो, बर्फ वितळतो आणि आठ-दहा दिवस सगळे सुरळीत चालते. त्यानंतर तेच पुन्हा सुरू होते, कारण बर्फ गेलेला असतो, बिघाड नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी प्रत्येक नवागताच्या मागे लागतो, ती येथेच सांगतो. बर्फ वितळवून झाल्यावर तंत्रज्ञ दारातच उभा राहून मोबाईलवर आलेला ओटीपी मागतो. तो सांगितला की कंपनीच्या नोंदीत तक्रार "निवारण झाली" म्हणून बंद होते. आमच्या गल्लीत कोल्हापूरहून आलेल्या एका गृहस्थांनी मुलगा उन्हातान्हात आला आहे या भलेपणापोटी दर खेपेला ओटीपी दिला. पुढे जेव्हा त्यांनी फ्रिज बदलून मागितला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रत्येक तक्रारीचे समाधानकारक निवारण झाल्याची यादी ठेवण्यात आली. वॉरंटी संपली आणि तो हीटर त्यांनी स्वतःच्या खर्चाने बसवून घेतला. तेव्हा तंत्रज्ञाला चहा द्यावा, पाणी द्यावे, ओटीपी मात्र फ्रिज निदान एक रात्र चालवून पाहिल्याशिवाय देऊ नये. त्याच्या कागदावर सही करणे भागच पडले, तर सहीच्या वर "केवल बर्फ पिघलाई गई, खराबी का कारण नहीं बताया गया" असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. ओटीपी देऊ नये, हे मी पुन्हा एकदा लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक तरीही देणार आहेत.

पत्र लिहिण्यापूर्वी एक पुरावा घरीच तयार होतो. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवून त्यात साधा तापमापक बुडवावा, रात्रभर दार उघडू नये आणि सकाळी वाचन दिसेल असा फोटो काढावा. खालचा कप्पा साधारण चार-पाच अंशांवर असायला हवा. तेथे बारा-पंधरा अंश दिसत असतील तर "थोडं कमी गार होतंय" असे मोघम बोलण्याची गरज उरत नाही. दुकानदार बहुधा पहिल्यांदा विजेच्या दाबाकडे बोट दाखवतो, म्हणून तंत्रज्ञाकडूनच दाब मोजून घेऊन तो आकडा त्याच्या कागदावर लिहायला लावावा. फ्रिजवरील किंवा पुस्तिकेतील मर्यादेत तो बसत असेल, तर तो मुद्दा तेथेच संपतो.

पत्राच्या भाषेकडे वळतो. लिपी एकच असल्यामुळे आपण मराठीच थोडी वळवून हिंदी म्हणून लिहितो आणि ती हिंदी आहे अशी आपली खात्रीही असते. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका पत्रात असे लिहिलेले होते: "आपके दुकान से लिया हुआ फ्रिज का कूलिंग होता नहीं। आपका आदमी कल आया और कल आएगा बोला। यह हमारा आखरी तकरार है, नहीं तो देख लेंगे।" हिंदीत दुकान स्त्रीलिंगी आहे, म्हणून "आपकी दुकान", ही चूक तशी निरुपद्रवी आहे आणि तिच्यामुळे कोणाचे अडत नाही. "तकरार" मात्र हिंदीत भांडणाला म्हणतात. आपल्याला हवा असलेला शब्द "शिकायत" हा आहे. "कल" हा शब्द कालचाही आणि उद्याचाही असल्याने कागदावर तो वापरूच नये, दर ठिकाणी तारीख घालावी. "देख लेंगे" ही तर सरळ धमकी झाली. अशा वाक्यानंतर समोरचा माणूस फ्रिज बाजूला ठेवतो आणि आपल्या उद्धटपणाबद्दल बोलू लागतो, म्हणजे हातातली बाजू आपण स्वतःच घालवलेली असते.

पुण्याकडच्या मंडळींचा दोष याच्या उलट आहे. ते टोमणे मारत तीन पाने लिहितात आणि मागणी कोठेच करत नाहीत. काहीजण तर फ्रिजच्या तक्रारीत सीमाप्रश्न आणतात, मराठी माणसाला मुद्दाम त्रास दिला जातो असे लिहितात. ज्याला त्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे त्याने जरूर बोलावे, पण हीटर नादुरुस्त असल्याच्या पत्रात त्याचे काम नाही. त्याच दुकानातून फ्रिज घेतलेल्या कन्नड शेजाऱ्यालाही अगदी तीच उत्तरे मिळालेली असतात.

पत्र एका पानाचे, तारीखवार आणि एकाच मागणीवर संपणारे असावे. वर दिलेल्या बिघाडासाठी ते साधारण असे होईल:

"सेवा में, प्रबंधक महोदय। विषय: ३ जून को खरीदे गए फ्रिज में बार-बार आने वाली खराबी की शिकायत।

महोदय, मैंने ३ जून को आपकी दुकान से एक फ्रिज खरीदा था। बिल नंबर, मॉडल और सीरियल नंबर नीचे लिखे हैं। १४ जून से इसके निचले हिस्से में ठंडक नहीं रहती, जबकि ऊपर फ्रीज़र में बर्फ जमती है। १६ जून को तकनीशियन ने फ्रिज बंद करवाकर बर्फ पिघलाई, परंतु २४ जून को वही खराबी फिर आ गई। २५ जून की सुबह बीच के खाने में रखे पानी का तापमान १५ डिग्री था, जिसकी फोटो साथ में है। तकनीशियन द्वारा मापा गया वोल्टेज निर्धारित सीमा में था।

आपसे निवेदन है कि यह पत्र मिलने के ७ दिन के भीतर फ्रिज वापस लेकर पूरी कीमत लौटाएँ। कृपया इस पत्र की दूसरी प्रति पर हस्ताक्षर और मुहर के साथ प्राप्ति दें।"

सीरियल नंबर फ्रिजच्या आतील बाजूस किंवा पाठीमागे चिकटवलेल्या पट्टीवर असतो. तो बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. सोबत बिलाची आणि वॉरंटी कार्डाची केवळ झेरॉक्स जोडावी. "मूळ बिल ठेवून जा, साहेबांना दाखवतो" असे कोणी कितीही प्रेमाने म्हटले तरी मूळ कागद द्यायचा नाही.

पत्रातील तारखा मी उगाच अशा निवडलेल्या नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर ठरवून दिलेल्या मुदतीत, आणि अशी मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांच्या आत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. म्हणून बिघाड पहिल्या महिन्यातच दिसला असेल तर फोनाफोनीत दिवस न घालवता २६ जूनलाच पत्र पोहोचते करावे. ३० दिवस उलटून गेले असतील तर पैसे परत मागण्याऐवजी "खराबी का मूल कारण लिखित रूप में बताकर उसे ठीक करें, अन्यथा फ्रिज बदलकर दें" अशी मागणी करणे अधिक टिकाऊ ठरते. "ते कंपनीचं बघा, आमचा संबंध नाही" हे उत्तर दुकानातून येणारच. पैसे दुकानाने घेतले आणि बिलही दुकानाने दिले, म्हणून पत्र दुकानाच्या नावेच लिहावे आणि खाली "प्रतिलिपि" असे लिहून कंपनीच्या सेवा विभागालाही धाडावे.

पत्र शक्यतो स्वतः नेऊन द्यावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का देण्यास दुकान तयार नसेल तर वाद न घालता पोस्टात जाऊन ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोचल्याचा पुरावा घ्यावा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच मिळवले गेले आहे. सात दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि तेथे मराठीतही बोलता येते. त्याच्या पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तेथे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूसाठी शुल्क पडत नाही. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येत असल्यामुळे, फ्रिज कोल्हापुरात घेऊन येथे आणलेल्यांना त्यासाठी पुन्हा कोल्हापूर गाठावे लागत नाही.

पत्रानंतर दुकान फ्रिज बदलून देण्यास तयार झाले, तर जुना टेम्पोत चढण्यापूर्वी नव्याचा सीरियल नंबर घातलेले बिल हातात घ्यावे. बदलून दिलेल्या वस्तूला अनेकदा जुन्या वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, तेव्हा ती कोणत्या तारखेपर्यंत आहे हे त्याच बिलावर लिहून घ्यावे, आणि तोवर ओटीपी देऊ नये.